बॅरो कोलोरॅडोची झाडं, न्यूट्रल थिअरी आणि निश

प्रश्न: इकॉलॉजीच्या सेमिनारसाठी निबंध लिहितोय: उष्णकटिबंधीय जंगलातल्या झाडांची विविधता न्यूट्रल थिअरीनं समजते की निशनं? पनामाच्या डेटावर न्यूट्रलचा आलेख जवळजवळ तंतोतंत बसतो असं वाचलं. मग निशची बाजू मांडायची तरी कशाच्या जोरावर?

उत्तर:

त्या आलेखाच्या जोरावर तर नाहीच. आणि न्यूट्रलची बाजूसुद्धा त्याच्यावर उभी करू नका. कुठल्या प्रजातीची किती झाडं आहेत, याचा आलेख या वादात जवळपास काहीच ठरवत नाही. निबंध काळावर उभा करा: तीच झाडं पंचवीस-तीस वर्षांत किती कमीजास्त झाली? निश म्हणते की प्रत्येक प्रजातीची पाणी, उजेड, माती यांची गरज वेगळी असते आणि त्यावर तिची जागा ठरते; न्यूट्रल म्हणते की सगळा खेळ योगायोगाचा. काळाच्या बाबतीत हे दोन्ही विचार खरोखर वेगळं भाकीत करतात.

आधी जागा समजून घ्या. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधलं, पाणी चढलं आणि एका टेकडीचा माथा बेट होऊन उरला. तेच बॅरो कोलोरॅडो. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी तिथे 50 हेक्टरचा तुकडा आखला. छातीच्या उंचीवर 1 सेंटीमीटर किंवा त्याहून जाड असलेल्या प्रत्येक झाडाला क्रमांकाचा बिल्ला लावला, जाडी मोजली आणि नकाशावर त्याची जागा नोंदवली. 1985 पासून साधारण दर पाच वर्षांनी ही मोजणी पुन्हा होत आली आहे. सुमारे 300 प्रजाती आहेत. म्हणजे हे निव्वळ एक छायाचित्र नाही, एकेका झाडाच्या जगण्यामरण्याची वही आहे. निबंधात हा फरक सुरुवातीलाच सांगा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर चालतो.

हबेल यांनी 2001 मध्ये पुस्तकरूपाने मांडलेल्या न्यूट्रल थिअरीचं गृहीतक पुष्कळ जण चुकीचं लिहितात. ‘सगळ्या प्रजाती सारख्या आहेत’ असं ती म्हणत नाही. ती म्हणते की एका झाडाची मरण्याची, बी टाकण्याची, त्या बीचं झाड होण्याची शक्यता ते कुठल्या प्रजातीचं आहे यावर अवलंबून नाही. पानं, खोड, फळं खुशाल वेगळी असोत, जमाखर्च शेवटी सारखा. जंगल भरलेलं आहे. एक झाड मरतं, जागा रिकामी होते, तिथे चिठ्ठी टाकून नवं झाड ठरतं. बहुतेक वेळा चिठ्ठी तुकड्यातल्याच झाडांमधून निघते, कधीकधी बाहेरच्या मोठ्या जंगलातून. बॅरो कोलोरॅडोवर 10 सेंटीमीटरपेक्षा जाड 21,457 झाडं आणि त्यांच्या 225 प्रजाती असा जो संच नेहमी वापरला जातो, त्याच्यासाठी बाहेरून येण्याचं प्रमाण साधारण दहात एक असं निघतं. एवढ्यावर तो प्रसिद्ध आलेख बसतो, आणि छानच बसतो.

आता गोम पाहा. 2003 मध्ये ब्रायन मॅकगिल यांनी याच जंगलाच्या आकड्यांवर दाखवलं की जुनं लॉग-नॉर्मल वितरण, म्हणजे संख्यांचे लॉग घेतले की घंटेसारखा दिसणारा वक्र, न्यूट्रलपेक्षा चांगलं बसतं. त्याच वर्षी इगोर वोल्कोव आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रलचं गणित काटेकोरपणे सोडवून नेमकं उलट दाखवलं. मग 2005 मध्ये वोल्कोव यांच्याच गटानं एक वेगळं मॉडेल मांडलं, ज्यात दुर्मीळ असण्याचा प्रजातीला फायदा मिळतो. सहा उष्णकटिबंधीय जंगलांच्या आकड्यांवर तेही तितकंच नीट बसलं. म्हणजे एकच वक्र दोन परस्परविरोधी यंत्रणांतून निघतो. याचं कारणही साधं आहे: तो आलेख काढताना आपण प्रजातींची नावं पुसतो, जागा पुसतो, काळ पुसतो आणि फक्त लहानमोठ्या संख्यांची रांग ठेवतो. ज्या माहितीवरून यंत्रणा ओळखता आली असती, ती आपणच फेकून दिलेली असते. विद्यार्थी असताना माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी हाच आलेख पुरावा म्हणून दाखवला होता. ‘हा बसला नसता तर तू काय निष्कर्ष काढला असतास?’ असा प्रश्न आला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्हालाही हा प्रश्न येईल असं धरूनच लिहा.

आता काळाकडे येऊ. हे गणित कागदावर होतं, आणि निबंधात ते पूर्ण करून दाखवाच.

समजा एका प्रजातीची तुकड्यात 1000 झाडं आहेत. वर्षाला साधारण 2 टक्के झाडं मरतात असं धरा. पाच वर्षांत अंदाजे 100 मरतील, आणि न्यूट्रल जगात सरासरी तेवढीच नवी येतील. पण हे दोन्ही आकडे नशिबाचे आहेत. प्रत्येक झाडाचं मरण दुसऱ्यापासून स्वतंत्र असेल तर मृत्यूंचं व्हेरियन्स, म्हणजे चढउताराचं माप, सुमारे 100, नव्या झाडांचंही सुमारे 100. बेरीज 200. त्याचं वर्गमूळ 14. म्हणजे पुढच्या मोजणीत 1000 च्या जागी 986 किंवा 1014 दिसणं अगदी नेहमीचं, 970 दिसलं तर जरा विरळ. पंचवीस वर्षांत असे पाच टप्पे येतात, व्हेरियन्स 1000 होतं, वर्गमूळ सुमारे 32. त्याच्या दुपटीपर्यंत सूट दिली तरी प्रजाती 936 ते 1064 च्या दरम्यान राहायला हवी.

पंचवीस वर्षांत ती 500 वर आली तर? हे अंतर त्या 32 च्या पंधरापटीहून जास्त आहे. नुसत्या चिठ्ठ्यांच्या खेळात असं घडत नाही.

बॅरो कोलोरॅडोवर असं घडलं आहे. पोलसेनिया आर्माटा ही तिथली ठळक प्रजाती, सुरुवातीला हजारांनी होती. पहिल्या दोन-अडीच दशकांत तिची निम्म्याहून अधिक झाडं गेली. आणि ती एकटी नव्हती. 1983 च्या एल निन्योचा कडक दुष्काळ पडल्यावर ज्या प्रजाती झपाट्यानं घटल्या, त्यांत ओलाव्याची गरज असलेल्या, पाणी टिकवून ठेवणाऱ्या उतारांवर वाढणाऱ्या प्रजाती ठळकपणे पुढे होत्या. माझ्या मते निबंधाचा कणा इथे आहे. न्यूट्रल थिअरी म्हणते की नावाला अर्थ नाही, आणि इथे कोण घसरणार हे नावावरून, म्हणजे त्या प्रजातीच्या पाण्याच्या गरजेवरून, बऱ्याच अंशी सांगता येतं. पुढे 2014 मध्ये रायन चिझम आणि सहकाऱ्यांनी अनेक वनखंडांतल्या सुमारे 4000 प्रजातींवर अशीच तपासणी केली. संख्येतले चढउतार एकेका झाडाच्या नशिबातून येतात त्यापेक्षा बरेच मोठे निघाले. संपूर्ण प्रजातीला एकदम चांगली किंवा वाईट वर्षं येतात, असं त्यांतून दिसलं.

इथे थांबून ‘म्हणून निश जिंकलं’ असं लिहिलंत तर मात्र चूक होईल. प्रजाती दुष्काळाला वेगवेगळा प्रतिसाद देतात, एवढ्यानं त्या एकत्र का टिकतात हे कळत नाही. वातावरणाच्या धक्क्यांनी कुणी वर, कुणी खाली, असं चालू राहिलं तर उलट प्रजाती लवकर नष्ट होतील. पीटर चेसन यांनी 2000 मध्ये केलेली विभागणी या ठिकाणी कामाची आहे. काही यंत्रणा प्रजातींमधला ताकदीचा फरक कमी करतात, काही यंत्रणा दुर्मीळ झालेल्या प्रजातीला सावरून पुन्हा वर आणतात. न्यूट्रल म्हणजे पहिला फरक शून्य आणि दुसरा आधारही शून्य, हे टोक. निशवाल्यांना खरं तर हा दुसरा आधार दाखवायचा असतो.

त्याचा सगळ्यात गाजलेला पुरावा कायल हार्म्स आणि सहकाऱ्यांचा, साल 2000, जंगल तेच. जंगलात 200 ठिकाणी बिया गोळा करणाऱ्या जाळ्या टांगल्या होत्या आणि प्रत्येकीच्या शेजारी एक-एक चौरस मीटरच्या जागांमध्ये उगवलेली रोपं मोजली जात होती. तपासलेल्या 53 च्या 53 प्रजातींमध्ये एकच गोष्ट दिसली: जिथे स्वतःच्या बिया जास्त पडल्या, तिथे प्रत्येक बीमागे रोपं कमी आली. डॅनियल जॅन्झेन यांनी 1970 मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी 1971 मध्ये जे सुचवलं होतं, की आईच्या झाडाजवळ त्याच प्रजातीवर जगणारे किडे आणि रोग रोपांना गाठतात, त्याच्याशी हे जुळतं.

पण जाळी आणि रोपांची जागा शेजारी असल्या तरी एक नाहीत. जाळीत योगायोगानं दोनच बिया पडल्या आणि बाजूला प्रत्यक्षात दहा पडल्या, तर ‘कमी बियांतून खूप रोपं’ असा भास होतो. जाळीत योगायोगानं जास्त पडल्या तर त्याच्या उलट. म्हणजे बियांच्या मोजणीतली चूक आपोआप त्याच दिशेला ढकलते जी दिशा सिद्ध करायची आहे. 2019 मध्ये मॅटेओ डेटो आणि सहकाऱ्यांनी अशा विश्लेषणांमधला हा कल उघड करून दाखवला. त्यामुळे परिणाम खोटा ठरत नाही, पण त्याच्या आकारावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. मला इथे लिझा कोमिता आणि सहकाऱ्यांचं 2010 चं काम जास्त वजनदार वाटतं, कारण त्यात एकेका रोपट्याचं जगणंमरणं पाहिलं आहे. स्वतःच्या प्रजातीचे शेजारी आसपास असण्याचा फटका दुर्मीळ प्रजातींना जास्त बसतो, असं त्यात दिसलं. सगळ्यांचा जमाखर्च सारखा, या गृहीतकालाच हे थेट छेद देतं.

न्यूट्रलच्या बाजूनं दोन गोष्टी प्रामाणिकपणे नोंदवा. 1999 मध्ये हबेल आणि सहकाऱ्यांनी झाडं पडून झालेल्या 1200 हून अधिक मोकळ्या जागा तपासल्या. तिथे उजेडाला सर्वांत लायक प्रजाती येते असं दिसलं नाही. ज्यांची बी पोचली त्या प्रजाती आल्या. दुसरी गोष्ट अधिवासाच्या नकाशाची. बी आईजवळच पडते, म्हणून प्रजाती झुबक्यांत वाढतात, आणि एखादा झुबका उतारावर निव्वळ योगायोगानं असू शकतो. साधी काय-स्क्वेअर चाचणी प्रत्येक झाड स्वतंत्र धरते आणि जिकडेतिकडे ‘निश’ दाखवते. अधिवासांचा नकाशा झाडांखालून पुढे-मागे सरकवून पुन्हापुन्हा तुलना केली की यातले बरेच संबंध गळून पडतात, तरी काही पक्के उरतात. निबंधात उद्धृत कराल त्या अभ्यासात कुठली चाचणी वापरली होती, ते बघूनच घ्या.

बॅरो कोलोरॅडोच्या मोजण्यांचा डेटा खुला आहे. शक्य असेल तर चार-पाच प्रजाती निवडा: दोन भरपूर झाडांच्या, दोन मध्यम, एखादी ओलावा लागणारी. 1985 चा आकडा घ्या, वरचं गणित करून न्यूट्रलची मर्यादा काढा आणि शेवटच्या मोजणीचा आकडा शेजारी ठेवा. मृत्युदर त्या-त्या प्रजातीचा स्वतःचा घ्या, 2 टक्के सगळ्यांना लावू नका, कारण झुडपं मोठ्या वृक्षांपेक्षा खूप लवकर मरतात आणि त्यांची मर्यादा रुंद असते. आणि मोजताना खोडं नव्हे, जिवंत झाडं मोजा. एका झाडाला चार खोडं असली तर डेटात त्याच्या चार ओळी असू शकतात, आणि मग संख्या उगाच फुगते.