डाव्या बाजूची गाठ

“मुलगी दहा वर्षांची आहे. वयात येण्याबद्दलचं पुस्तक आणून दिलं, तर दोन दिवसांत तिने ते कपाटात मागे सारलं. आता विषय काढला की उठून जाते. आम्ही घाई केली का?”

घाई नाही झाली. मुलींमध्ये हे बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, तेव्हा दहावं वर्ष अगदी योग्य. चुकलं ते पुस्तक.

मुलीशी एकटीशी बोलल्यावर उलगडा झाला. पुस्तक मोठ्या मुलींसाठीचं होतं. तिने नेमकं उघडलं ते स्तनांच्या तपासणीचं पान, आणि तिथे लिहिलं होतं: गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा. तिच्या डाव्या स्तनाग्राखाली बटणाएवढी, दाबली की दुखणारी गाठ आली होती. उजवीकडे काहीच नव्हतं. “मला कॅन्सर झालाय, आईला सांगितलं तर ती रडेल,” एवढंच ती बोलली. ती हो म्हणाल्यावरच हे आईबाबांना सांगितलं.

ही गाठ म्हणजे स्तनांची पहिली वाढ. ती अनेकदा एका बाजूला आधी येते आणि दुसरी बाजू काही महिन्यांनी सुरू होते. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. म्हणून दहा वर्षांच्या मुलीच्या पुस्तकात आधी ही गाठ हवी, मग काखेतले आणि जांघेतले केस, घामाचा वास, पाळीच्या आधी काही महिने अंगावरून पांढरं जाणं, आणि मग पाळी. बरीच पुस्तकं थेट पाळीपासून सुरू होतात. मुलीला आज जे होतंय ते त्यांत सापडतच नाही.

विकत घेण्याआधी तीन पानं उघडून पाहावीत. स्तनांच्या पानावर ‘एक बाजू आधी’ हे लिहिलंय का? बाह्य जननेंद्रियांचं साधं चित्र आणि योनी, मूत्रमार्ग ही खरी नावं आहेत का, की नुसतं ‘खालची जागा’? पाळीच्या पानावर सुरुवातीची एक-दोन वर्षं ती अनियमित असू शकते, हे आहे का? हे नसेल तर एखादा महिना पाळी चुकली की मुलगी पुन्हा एकटीच घाबरते.

या घरात दुसरं, पातळ पुस्तक आधी आईबाबा दोघांनी वाचलं. बाबांनीही, कारण पाळी आली त्या दिवशी घरी तेच असू शकतात. मग आईने फक्त गाठीचं पान तिच्यासोबत वाचलं, दहा मिनिटं. पुस्तक तिच्याच टेबलावर राहिलं आणि प्रश्न लिहायला आत कोरी चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी चिठ्ठीवर होतं: “दुसरी बाजू आलीच नाही तर?”

गाठीवरची त्वचा लाल, गरम झाली, स्तनाग्रातून स्राव आला किंवा हे बदल आठव्या वर्षाआधी दिसले, तर मात्र पुस्तक बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.