मगरीचं सगळ्यात जवळचं नातं कोणाशी?

प्रश्न: सरांनी वंशवृक्ष कंसांत लिहून दिला आहे. त्यात मगर आणि कासव शेजारी आहेत. म्हणजे त्यांचं नातं सगळ्यात जवळचं ना?

```
((((कोंबडी,मगर),कासव),पाल),गाय);
```

नाही. इथे शेजार बघायचा नाही, कंस बघायचा. सगळ्यात आतल्या कंसात कोंबडी आणि मगर आहेत. त्या दोघींचा एक पूर्वज असा आहे, जो या यादीतल्या दुसऱ्या कोणाचाच पूर्वज नाही. तो साधारण 25 कोटी वर्षांपूर्वीचा. कासव त्या कंसाच्या बाहेर आहे, म्हणून मगर आणि कासव यांचा सामाईक पूर्वज त्याहून जुना.

हेच झाड कागदावर काढा. एक बोट मगरीच्या टोकावर ठेवा, दुसरं कासवाच्या टोकावर, आणि दोन्ही बोटं मुळाकडे सरकवत न्या. ती जिथे पहिल्यांदा भेटतात, तो त्यांचा सर्वात अलीकडचा सामाईक पूर्वज. मग मगर आणि कोंबडीसाठी तेच करा. ज्या जोडीची बोटं मुळापासून जास्त दूर, म्हणजे टोकांच्या बाजूला, भेटतील ती जास्त जवळची.

आता पहिल्या दोन नावांची अदलाबदल करून `(मगर,कोंबडी)` लिहा. झाड तेच राहिलं, पण कासवाशेजारी आता कोंबडी आली. प्रत्येक फाटा असा स्वतःभोवती फिरवता येतो, त्यामुळे टोकांवरच्या नावांच्या क्रमाला अर्थ नसतो. पेपरात इथे गुण जाऊ शकतात, म्हणून उत्तर लिहिण्याआधी एखादा फाटा फिरवून बघाच. जे उत्तर फिरवल्यावर बदलतं, ते चूक.

प्रश्न: पाल ते कासव या वाटेवर दोन फाटे लागतात, पाल ते कोंबडी या वाटेवर तीन. मग पाल कासवाला जास्त जवळची का धरत नाहीत?

वरच्याच झाडावर बोटं ठेवून पाहा. पालीचं बोट कासवाच्या बोटाला ज्या फाट्यावर भेटतं, कोंबडीच्या बोटालाही तिथेच भेटतं. मगरीच्याही. पूर्वज एकच, म्हणून पाल तिघांनाही सारखीच जवळ किंवा सारखीच लांब आहे.

फाटे मोजण्याची पद्धत किती फसवी आहे ते गाईकडे पाहून कळेल. पाल ते गाय या वाटेवरही दोनच फाटे आहेत. मोजणी खरी मानली तर गाय आणि कासव पालीला सारखेच जवळचे ठरतील, पण गाईशी भेट थेट मुळाशी होते. शिवाय उद्या कोणी या झाडात शहामृग घातला, तर कोंबडीच्या वाटेवर आणखी एक फाटा वाढेल. कोंबडीचं पालीशी नातं तेवढ्याने लांबणार आहे थोडंच?

प्रश्न: मी सांगलीचा. कृष्णेच्या काठावर मगर कैकदा पाहिली आहे. ती हुबेहूब मोठी घोरपड दिसते. तिला कोंबडीची नातलग म्हणायला मन धजत नाही.

आपलं मन ज्या खुणांवर विसंबतं त्या खूप जुन्या आहेत. खवले, चार पाय, लांब शेपटी हे घोरपड, मगर, कोंबडी अशा सगळ्यांच्या दूरच्या पूर्वजाकडेही होतं. मगरीने आणि घोरपडीने ते ठेवलं, पक्ष्यांच्या वंशात रूप पार पालटलं. सगळ्यांना मिळालेला वारसा दोघांनी जपला, म्हणून ते दोघे सख्खे होत नाहीत. नातं ठरतं ते नंतर आलेल्या, फक्त त्या शाखेतच सापडणाऱ्या खुणांवरून.

मगर आणि पक्षी यांच्या जुन्या नातलगांच्या जीवाश्मांत डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये कवटीला एक भोक दिसतं. आजच्या मगरीत ते बुजलं आहे. हृदयाचे चार पूर्ण कप्पे मगर आणि कोंबडी दोघींत आहेत, पालीत नाहीत. मात्र एकट्या हृदयावर भिस्त ठेवू नका. चार कप्पे गाईलाही आहेत, आणि ते सस्तन प्राण्यांत वेगळे, स्वतंत्रपणे आले. एकच खूण दोनदा उगवू शकते, म्हणून अनेक खुणा आणि डीएनए एकत्र तपासतात. डीएनएचा कौल इथे स्पष्टपणे मगर आणि कोंबडी यांच्या बाजूने आहे.

प्रश्न: माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात कासव पाल, मगर, पक्षी या सगळ्यांच्या बाहेर दाखवलं आहे. खरं कोणतं?

आज मगर आणि पक्ष्यांच्या लगत ठेवलेलं झाड धरा. कासवाच्या कवटीला कानशिलाशी भोकं नसतात. तो आदिम गुण समजून त्याला बाहेर काढलं गेलं होतं. 2012 च्या सुमारास शेकडो जनुकीय तुकड्यांची तुलना झाली आणि कासव मगर-पक्षी गटाच्या लगत आलं. म्हणजे ती भोकं त्याच्या वंशात नंतर बुजली असावीत.

झाड छापलेलं असलं तरी ते अनुमान असतं. म्हणून फाट्यापाशी आकडा दिला असेल तर तो वाचा. तो बहुधा शंभरापैकी असतो आणि उपलब्ध माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने घेतले तेव्हा तो गट किती वेळा जुळला हे सांगतो. 98 असेल तर त्या फाट्यावर विसंबायला हरकत नाही. 45 असेल तर तो फाटा नाहीच असं समजा आणि त्या फांद्या एकाच बिंदूतून निघाल्यासारख्या वाचा. अशा ठिकाणी ‘सर्वात जवळचं कोण’ याचं उत्तर त्या झाडातून मिळत नाही, आणि तसंच लिहायचं.