मधल्या पदाची फोड: पहिला सहगुणक 1 नसेल तेव्हा

x² + 5x + 6 मध्ये 6 चेच अवयव पाहतो; मग 6x² − 11x − 35 मध्ये 35 चे अवयव का चालत नाहीत? (दहावीचा विद्यार्थी, सिडको, नाशिक)

अवयव (px + q)(rx + s) असे मानून गुणाकार केला, तर prx² + (ps + qr)x + qs असा विस्तार मिळतो. मधल्या पदात ps आणि qr हे दोन भाग एकत्र मिसळलेले असतात आणि त्यांचा गुणाकार pr × qs, म्हणजे पहिला सहगुणक गुणिले स्थिर पद, एवढाच येतो. x² + 5x + 6 मध्ये पहिला सहगुणक 1 असल्याने तो गुणाकार 6 च राहतो. नियम मात्र दोन्हीकडे एकच आहे. तुमच्या त्रिपदीत 6 × (−35) = −210 येतात, म्हणून ज्यांचा गुणाकार −210 आणि बेरीज −11 आहे अशा दोन संख्या हव्यात.

एवढ्या मोठ्या संख्येची जोडी शोधण्यातच परीक्षेतला वेळ जातो. (पालक, नाशिकरोड)

गुणाकार ऋण असल्याने दोन्ही संख्यांची चिन्हे विरुद्ध असतात, म्हणून चिन्हे बाजूला ठेवून 11 चा फरक असलेली जोडी शोधावी. 1 × 210 पासून सुरुवात करण्यात अर्थ नाही, कारण तिथे फरक 209 आहे. फरक लहान हवा असेल, तर जवळजवळच्या अवयवांपासून बाहेर सरकावे. 14 × 15 मध्ये फरक 1 आहे आणि लगेच पुढच्या 10 × 21 मध्ये 11. बेरीज ऋण हवी असल्याने मोठी संख्या ऋण घ्यावी, म्हणजे −21 आणि 10.

6x² − 11x − 35
= 6x² − 21x + 10x − 35
= 3x(2x − 7) + 5(2x − 7)
= (2x − 7)(3x + 5)

मी 10x आधी लिहिले, तर कंसच जुळेनात. (विद्यार्थिनी, पंचवटी)

क्रमाने काही बिघडत नाही, बिघडते ते चिन्हाने. 6x² + 10x − 21x − 35 मध्ये पहिल्या दोन पदांतून 2x(3x + 5) मिळते. पुढच्या दोन पदांतून −7 सामाईक काढताना −35 चे +5 होते, पण घाईत −7(3x − 5) असे लिहिले जाते. कंस जुळले नाहीत, तर नवी जोडी शोधण्याआधी हे चिन्ह तपासावे.

जोडी सापडतच नसेल, तर ती नाहीच हे कसे ओळखावे? (शिकवणी घेणारे शिक्षक, सातपूर)

b² − 4ac काढून पाहावे. वरच्या उदाहरणात 121 + 840 = 961 येतात आणि तो 31 चा वर्ग आहे, म्हणून जोडी मिळालीच. स्थिर पद −35 ऐवजी −36 असते, तर 121 + 864 = 985 आले असते; ही पूर्ण वर्ग संख्या नाही, त्यामुळे पूर्णांकांची जोडी अस्तित्वातच नसते आणि तिथे समीकरणाची मुळे सूत्राने काढावी लागतात.