बेदाण्याच्या पाकिटावरचं लेबल

"दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन लावूनही फोनवरचं बोलणं समजत नाही. बी.कॉम. झालंय, तासगावला राहते. डेटा एन्ट्री, डिझाइन की घरबसल्या कलाकुसर, कशात पडू?"

ताई, माझ्याही कानांचं तसंच आहे. सांगलीत अकरा वर्षं डिझाइनचं काम करतोय. तुम्ही तासगावच्या, म्हणून मी त्यातलंही एकच काम सुचवेन: बेदाणा, हळद, मसाल्यांच्या पाकिटांची लेबलं.

सुरुवात मी लग्नपत्रिकांपासून केली होती. पत्रिका ठरवायला घरातले पाच-सहा जण येतात आणि एकदमच बोलतात. मामांचं नाव वर घ्या, निमंत्रक बदला, आणि रात्री परत फोन. त्यातलं निम्मं कागदावर येतच नाही. लेबलाचा मजकूर मात्र मुळातच लिहून द्यावा लागतो. मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंग करणाऱ्याचा पत्ता, एफएसएसएआयच्या अन्न परवान्याचा 14 अंकी नंबर, हिरवा शाकाहारी ठिपका. यातलं काहीच तोंडी घ्यायचं नाही. लायसन्सचा फोटो मागायचा आणि पत्ता त्यावरूनच उचलायचा.

हे मला ठेच लागून कळलं. एक हळदवाले दुकानात समोर बसून पत्ता सांगत होते. मी ओठ वाचून "प्लॉट नंबर 60" लिहिलं. ते "सात" म्हणाले होते. "सात" आणि "साठ" यांतला फरक जिभेचा, तोंडाच्या आतला. ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात. दोन हजार लेबलं छापून आली तेव्हा चूक कळली, आणि छपाईचा निम्मा खर्च मी सोसला. तेव्हापासून माणूस समोर असला तरी आकडा त्याच्याच हातानं लिहून घेतो.

आता अर्धा किलो बेदाण्याच्या पाऊचचं काम आलं तर मी कसं करतो ते सांगतो. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक पानाचा फॉर्म पाठवतो. त्यात वरच्या सगळ्या गोष्टींसाठी रकाने आहेत, शिवाय बेदाण्याला गंधकाची धुरी दिली आहे का, हाही प्रश्न आहे. धुरीमुळे मालात राहिलेलं सल्फाइट किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर तसं लेबलावर लिहावं लागतं, आणि गिऱ्हाईक हे आपणहून सांगत नाही. फॉर्म पूर्ण भरून आल्याशिवाय मी कोरलड्रॉ, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, उघडत नाही.

मग कच्चं प्रूफ. मोबाइलवर बोटानं मोठं करून बघितलं की बारीक अक्षरंही वाचता येतात, म्हणून गिऱ्हाईक फसतं. मी खऱ्या मापात साधी प्रिंट काढतो, रिकाम्या पाऊचवर चिकटवतो आणि त्याचा फोटो पाठवतो. प्रत्येक प्रूफवर कोपऱ्यात 1, 2, 3 असा नंबर असतो. व्हॉइस मेसेज आला तर ठरलेलं उत्तर जातं: "मला ऐकू येत नाही, बदल लिहून पाठवा." पहिल्याच दिवशी हे सांगितलं की लोक लिहितात, उशिरा सांगितलं की चिडतात. शेवटी "प्रूफ नंबर 3 छापायला हरकत नाही" एवढं वाक्य लिहून आलं की फाइल प्रेसला. दोनदा दुरुस्ती ठरलेल्या पैशात, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, हेही आधीच लिहून द्यायचं.

शिकताना मराठी फॉन्टकडे नीट लक्ष द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर युनिकोड असतो, जुन्या फॉन्टमध्ये पेस्ट केला की त्याची खिचडी होते. प्रेसकडे तुमचा फॉन्ट नसेल तर रफार आणि वेलांट्या भलतीकडे जातात. म्हणून पाठवण्याआधी कोरलड्रॉमध्ये सगळं सिलेक्ट करून Ctrl+Q दाबायचं, म्हणजे अक्षरांचे आकार होतात. दुरुस्तीसाठी मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवायची. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा; चार रंगांतून केलेला काळा छपाईत जरा सरकला की अक्षरं पुसट दिसतात. कडेनं 3 मिलिमीटर जादा रंग सोडा, नाहीतर कटिंगला पांढरी रेघ येते.

डेटा एन्ट्रीत आधी डिपॉझिट मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. तुमचं बी.कॉम. आहे, त्यामुळे एखाद्या टॅक्स सल्लागाराकडे बिलांच्या नोंदींचं काम चालेल. तेही कागदावरचंच असतं. कलाकुसरीतलं मला फारसं ठाऊक नाही.

एक अडचण राहतेच. मशीनवर काम चढलेलं असताना प्रेसवाल्याला काही विचारायचं असलं की तो फोनच करतो. त्यासाठी मी प्रेसमधला एक ऑपरेटर ठरवून ठेवलाय. तो मला फोटो काढून पाठवतो, मी त्यावर खूण करून परत धाडतो. असा एक माणूस मिळेपर्यंत छपाईची जबाबदारी घेऊ नका; नुसतं डिझाइन करून फाइल गिऱ्हाइकाच्या हाती द्या.