पंच्याहत्तर टक्के जुळलं, तरी मुली रडतात

"मी आणि बाहेरून आलेल्या मॅडम एकाच मुलीला वेगवेगळे मार्क देतो. मुली म्हणतात, तुम्ही दुजाभाव करता. झोप लागत नाही हो."

सांगलीच्या एका नर्सिंग कॉलेजातल्या मॅडमचे हे शब्द. प्रात्यक्षिकांचा हंगाम आला की असं बोलणारं कुणीतरी येतंच. मनाचं दुखणं कित्येकदा कागदावर सापडतं, या मताचा मी आहे. म्हणून सराव परीक्षेच्या गुणपत्रिका मागवल्या.

शेवटच्या वर्षाच्या 20 मुली, काम जखमेच्या ड्रेसिंगचं. दोघींनी मिळून 14 जणींना पास केलं होतं, एकीला नापास. पाच जणींवर मतभेद.

"म्हणजे 75 टक्के जुळलं की!" मॅडम जरा सावरल्या.

"तुम्ही 17 पास केल्या, त्यांनी 16. आता तेवढ्याच पास-नापासच्या चिठ्ठ्या डोळे मिटून वाटल्या असत्या, तर किती जुळलं असतं?" मी गणित मांडलं. दोघींकडून पास होण्याची शक्यता 68 टक्के, दोघींकडून नापास होण्याची 3. एकूण 71. बहुतेक जणी पास होणार असल्या की जुळणं फुकटात मिळतं. खरी कमाई त्यावरच्या चारच टक्क्यांची.

मॅडम गप्प झाल्या. मी ती शांतता मोडली नाही. अशा वेळी बोलायचं नसतं, एवढं या धंद्यात शिकलोय.

मग गुणपत्रिकेतली एक ओळ वाचायला लावली: "निर्जंतुकता चांगली राखली."

"चांगली म्हणजे?"

"ग्लोव्हचा हात कशाला लागता कामा नये."

"लागला, पण तिनं लगेच ग्लोव्ह बदलला तर?"

"मी पास करते. त्या मॅडम नापास करतात." आणि एकदम, "अहो, म्हणजे भांडण आमचं नाहीच. हे कागदावर लिहिलेलंच नाही!"

हेच हवं होतं. त्या ओळीचे चार स्तर त्यांनीच लिहिले. हात कुठेच लागला नाही: 3. लागला, स्वतः ओळखून बदलला: 2. परीक्षकानं सांगितल्यावर बदलला: 1. तसंच काम पुढे रेटलं: 0. पास दोनपासून. स्तर लिहिताना 'उत्तम', 'समाधानकारक' असले शब्द टाळा. डोळ्यांना काय दिसलं तेच लिहा.

नंतर दोन्ही मॅडमनी सरावाचे व्हिडिओ पाहून आधी वेगवेगळे गुण दिले, मगच कागद उघडले. आधी बोलायचं नाही, कारण बोललं की धाकट्या परीक्षक मोठ्यांच्या आकड्याकडे झुकतात. एकापेक्षा जास्त स्तरांचं अंतर पडलं की तिथेच थांबून, काय दिसलं ते सांगायचं. सरासरी काढायची सवय मी मोडायला लावली. 3 आणि 0 ची सरासरी दीड, आणि दीडचं काम त्या खोलीत कुणी केलेलंच नसतं.

ग्लोव्हच्या ओळीवर आता दोघींचं क्वचितच बिनसतं. "रुग्णाशी नीट बोलली" ही ओळ मात्र अजून हट्ट धरून आहे. तिचे स्तर मॅडम पुन्हा लिहीत आहेत.