"स्लॅबचं काम चालू" एवढंच लिहून पाठवू नकोस

अरे, तुझा कालचा डीपीआर, म्हणजे साइटच्या रोजच्या कामाचा रिपोर्ट, वाचला. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं काम चालू, लेबर ३८, सिमेंट १४१ गोणी, दुपारी पाऊस. खोटं काही नाही त्यात, पण उद्या मला कोणी विचारलं की काल नक्की किती काम झालं तर मी काय सांगू?

आधी कामाचा कॉलम. "चालू" आणि "६० टक्के झालं" हे दोन्ही शब्द आजपासून विसर, कारण ६० टक्के कशाचे हे लिहिणाऱ्यालाही चार दिवसांनी आठवत नाही. जागा लिही आणि माप लिही. काल तू फोनवर म्हणालास तेच लिहायचं होतं, ग्रिड १ ते ४, १२ बाय १० मीटर, जाडी १२५ मिमी, म्हणजे स्लॅबचं १५ घनमीटर आणि बीमचं ३, एकूण १८. प्लॅन ३० चा होता, १२ राहिलं आणि जॉइंट कुठे सोडला तेही. झालं, दोन ओळी.

आता हा १८ चा आकडा हातात आला की सिमेंट तपासता येतं, आणि खरी गंमत इथेच आहे बघ. आपल्या मिक्सला घनमीटरला ३५० किलो सिमेंट लागतं, म्हणजे ५० किलोच्या ७ गोण्या. १८ गुणिले ७, १२६. तू लिहिलंस १४१. मग १५ गोण्या कुठे गेल्या? मी स्टोअरवाल्याला फोन केला तर ११ गोण्या दुसऱ्या मजल्याच्या प्लास्टरला गेल्यात, तिथे साधारण ९५ चौरस मीटर झालंय, त्या मानाने ठीकच आहे, आणि उरलेल्या ४ मिक्सरजवळ उघड्यावर होत्या त्या भिजल्या. म्हणजे चोरी नाही, पण तुझ्या रिपोर्टवरून चोरी वाटली असती. म्हणून वापर नेहमी कामाप्रमाणे तोडून लिही, स्लॅब १२६, प्लास्टर ११, खराब ४. आणि कालची शिल्लक ३१०, आवक १००, वजा १४१, शिल्लक २६९ हे नुसतं कागदावर करू नकोस, संध्याकाळी गोदामात जाऊन थप्प्या मोज. बेरीज तर काय, कशीही जुळवता येते.

लेबरचंही तसंच. ३८ हा हजेरीचा आकडा झाला, पगार काढायला बरा. मला हवंय स्लॅबला २०, प्लास्टरला ८, सळई बांधायला ६, सेंट्रिंगला ४, कोणत्या ठेकेदाराची माणसं तेही. म्हणजे महिन्याभराने सळई बांधणाऱ्या टोळीचा वेग पडलाय की त्यांच्याकडे माणसंच कमी होती, हे कळतं.

आणि पाऊस. "दुपारी पाऊस" मीही वर्षभर लिहायचो, मग मुदतवाढ मागायची वेळ आली तेव्हा समोरचा म्हणाला की पाऊस झाला हे मान्य पण काम किती वेळ बंद होतं ते दाखवा, आणि माझ्या डायरीत दाखवायला काहीच नव्हतं!! सगळे दिवस गेले. त्यामुळे वेळ लिही. २:१० ला पाऊस सुरू, २:४० पर्यंत डिझायनरने दिलेल्या जागी स्टॉपर लावून ओतकाम बंद केलं, ताजं काँक्रीट प्लास्टिकने झाकलं, ३:४० ला पाऊस थांबला पण सेंट्रिंगमध्ये पाणी साचलं म्हणून ५:४० पर्यंत पुन्हा सुरू केलं नाही. स्लॅबच्या २० पैकी ६ जणांना खालच्या मजल्यावर सळई हलवायला लावलं, १४ जण ३ तास बसून, म्हणजे ४२ मनुष्यतास वाया. आणि हेही लिही की आतलं प्लास्टर चालूच होतं. तुला वाटेल हे आपल्या विरोधात जाईल, पण उलट आहे, जो रिपोर्ट आख्खी साइट बंद म्हणतो आणि त्याच पानावर ९५ चौरस मीटर प्लास्टर दाखवतो त्याच्यावर कोण विश्वास ठेवेल?

क्लायंटच्या इंजिनिअरची सही त्याच संध्याकाळी घे, शनिवारी सहाच्या सहा रिपोर्टवर एकदम नको. तो सही करताना कुरकुरला, वेळ मान्य नाही म्हणाला, तर त्याला शेरा लिहू दे, त्यावर वाद घालत बसू नकोस.

बाकी मशिनरी, आलेले पाहुणे वगैरे तू नीट भरतोस, त्यात हात घालत नाही.

कालचा कागद मात्र फाडू नकोस आणि त्यावर खाडाखोडही नको. आजच्या तारखेने पुरवणी जोड, कालच्या रिपोर्टचा नंबर टाक, वरचे आकडे भर आणि त्या ४ भिजलेल्या गोण्या आधी बाजूला काढून ठेव, नाहीतर उद्या सकाळी कोणीतरी गाठी फोडून त्या मिक्सरमध्ये टाकेल.