२८०च्या मर्यादेत विनोद राखताना

एक्सवरच्या पोस्टच्या २८० चिन्हांच्या मर्यादेत काना, मात्रा, वेलांटीही स्वतंत्र मोजली जाते, म्हणून ‘अत्यंत आत्मविश्वासाने’ एवढेच २१ जागा खाते. मर्यादेबाहेर गेलेल्या तुमच्या मजकुरातला विनोदाचा भाग असा आहे: ‘आज सकाळी आईने सांगितल्यावरून मी अत्यंत आत्मविश्वासाने पोहे भिजत घातले आणि फोन बघत बसलो, शेवटी आई म्हणाली, खीर बरी झालीय हो.’ यातली वेळ आणि निमित्त खुशाल कापा; ‘मी’ही जाऊ द्या, कारण ‘बसलो’मध्ये तो आहेच. ‘अत्यंत आत्मविश्वासाने’ मात्र महाग असले तरी ठेवा, कारण फजितीची सगळी गंमत त्या बढाईवरच उभी आहे. शेवटचा ‘हो’ही काढू नका (माझी कात्री नेमकी तिथेच आधी जाते), तो गेला की आईचा टोमणा जाऊन नुसती माहिती उरते.